पाटी घ्यायची की सोडायची

बल्लारपुरातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. त्याच्या मालकांनी निगेटिव्हचे डबे आणि नंतरच्या काळातल्या डिजिटल फाइली एका वाचनालयाला दिल्या. रस्ते, बाजार, मिरवणुका, स्टेशनबाहेरची गर्दी असा तो संग्रह आहे. प्रत्येक फोटोला एक नोंद करायची आणि फोटोत दिसणारा मजकूर त्या नोंदीत उतरवून घ्यायचा, म्हणजे पुढे कोणी शब्द टाकून शोधलं तर फोटो सापडेल, असं ठरलं. निवृत्त माणूस, चष्मा नवा, वेळ भरपूर म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पाट्या वाचायला काय लागतं, असं मला वाटलं होतं. वाचायला फारसं लागत नाही, ते खरंच आहे. कुठली पाटी उताऱ्यात घ्यायची आणि कुठली सोडायची, हे ठरवताना मात्र घाम फुटतो.

१. दिसेल ते सगळं उतरवणं म्हणजे प्रामाणिकपणा, ही माझी समजूत फार टिकली नाही. भर बाजारातल्या एका फोटोत दुकानांच्या पाट्या, विजेच्या खांबावरची मूळव्याधीची जाहिरात, शिकवणीचे स्टिकर, टेम्पोच्या मागचं 'आईचा आशीर्वाद', पिशवीवर छापलेलं कापड दुकानाचं नाव, असं मोजायला गेलं तर पानभर लिखाण निघतं. ते सगळं मी सुवाच्य टंकून दिलं. ग्रंथपाल बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "काका, यात फोटो कशाचा आहे ते कुठाय?" फोटो होता रस्त्याकडेला सुपं विकत बसलेल्या एका बुरडाचा. माझ्या उताऱ्यात बुरड नव्हता, मूळव्याध होती.

तेव्हापासून प्रत्येक पाटीला एकच प्रश्न विचारतो: ही पाटी फोटोतून पुसली, तर जागा, काळ किंवा समोर चाललेला व्यवहार, यातलं काही कळायचं राहील का? राहणार असेल तर पाटी आत. नसेल तर 'खांबावर खासगी जाहिराती' एवढे तीन शब्द पुरतात. हे तीन शब्द मात्र लिहायचेच. कारण न लिहिलेली पाटी आणि नसलेली पाटी यांतला फरक नोंद वाचणाऱ्याला दिसत नाही. त्याला वाटतं, खांब कोराच होता.

२. सगळ्यात महत्त्वाचं लिखाण बहुतेक वेळा सगळ्यात लहान असतं. त्याच बुरडाच्या फोटोत डोळा आधी जातो तो मागच्या कापड दुकानाच्या लांबलचक फलकाकडे. लाल जमीन, पिवळी अक्षरं, न वाचणं अशक्य. पण बुरडाच्या गुडघ्याजवळ, उपड्या टोपलीला टेकवून, खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा उभा केला होता. त्यावर स्केचपेनने 'सूप १२०' आणि खाली 'टोपली ८०'. फाइल पूर्ण मोठी केली तेव्हाच तो दिसला. हा पुठ्ठा पार्श्वभूमीतला नाहीच, तो विषयाचा भाग आहे. बांबूकामाचे भाव शोधणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला पुढे या फोटोतून काही हवं असेल तर ते हेच.

म्हणून मी आता उतारा डावीकडून उजवीकडे किंवा मोठ्याकडून लहानाकडे लिहीत नाही. फोटोतल्या मुख्य माणसापासून सुरुवात करतो आणि बाहेर सरकतो. आधी त्याच्या हातातलं, अंगावरचं, त्याच्या गाड्यावरचं लिखाण, मग त्याच्या पाठीशी लागून असलेलं, मग लांबचं. या क्रमाने गेलं की कुठे थांबायचं तेही आपसूक कळतं. लांबच्या फलकांवर आलो की प्रत्येक ओळीला ती पहिल्या बाबीतली चाचणी लावायची. दोन-चार ओळींत मजकूर संपतो.

३. ओळखीचा शब्द डोळ्यांआधी मनच वाचून टाकतं, आणि गावातल्या माणसाच्या बाबतीत तर हे फारच होतं. मला इथले रस्ते पाठ आहेत, ही या कामातली माझी लायकी समजली जाते. तीच अडचणही आहे. एका फोटोत एसटीच्या कपाळावर '…पूर' एवढंच दिसतं, आधीचं छत्रीने झाकलेलं. मी बेधडक 'चंद्रपूर' म्हणणार. पण बल्लारपूर, चंद्रपूर, नागपूर यांतलं काहीही त्या छत्रीआड असू शकतं.  या तिघांत निवड करायला फोटोत काहीच नाही. मग उताऱ्यात '[…]पूर' असंच जातं आणि कंसात 'छत्रीने झाकलेलं'.

यासाठी मी नोंदीचे दोन रकाने केले. पहिल्या रकान्यात उतारा, म्हणजे फोटोतली अक्षरं जशी आहेत तशी. दुसऱ्यात टीप, म्हणजे आपल्याला जे ठाऊक आहे किंवा वाटतं ते. 'बहुधा चंद्रपूर' हे टिपेत. पहिल्या रकान्यात 'बहुधा' हा शब्द येता कामा नये, हा माझा मीच केलेला कायदा. तो मोडायचा मोह रोज होतो.

देवनागरीची आणखी एक खोड असते. फोटो मोठा करत गेलं की रोमन अक्षरं बरीच लांबवर टिकतात, कारण ती एकेकटी उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेने जोडलेली, वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. पडद्यावर अक्षराची उंची पंधरा-वीस ठिपक्यांच्या खाली गेली की आधी अनुस्वार जातो, मग काना आणि त्याच्या शेजारची उभी रेघ एक होते, मग 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत फरक राहत नाही. शब्दाचा आकार मात्र शेवटपर्यंत दिसत राहतो, म्हणून आपल्याला वाटतं की आपण वाचतो आहोत. याला मी एक साधी युक्ती काढली. तेवढाच तुकडा कापून, आजूबाजूचं काही न दाखवता, बल्लारपूर न पाहिलेल्या कुणाला तरी पाठवायचा. पुण्याचा भाचा या कामी येतो. त्याने जे वाचलं ते उताऱ्यात. मी वाचलेलं पण त्याला न दिसलेलं टिपेत. निगेटिव्ह असेल तर पुन्हा जास्त बारीक स्कॅन करून पाहता येतं. डिजिटल फाइलला ती सोय नाही. तिच्यात जेवढे ठिपके आहेत तेवढेच, मोठं केलं की फक्त चौकोन मोठे होतात.

४. पार्श्वभूमीतली पाटी सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती फोटोचा काळ सांगायला. पण एकटी पाटी जवळजवळ कधीच काळ सांगत नाही, शेजारच्या पाटीशी भांडूनच सांगते. हे मला त्या बुरडाच्या फोटोनेच दाखवलं, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

फाइलच्या आत कॅमेऱ्याने तारीख नोंदवलेली असते. ती उघडली तर १ जानेवारी, रात्री बारा वाजून काही मिनिटं. भर उन्हातल्या बाजारात मध्यरात्र! कॅमेऱ्याची बॅटरी संपून घड्याळ मुळाला गेलं की अशी तारीख पडते. ती बाद. आता उरल्या पाट्या.

बुरडाच्या मागे डावीकडे एक बंद शटर आहे. त्याच्या वरच्या फलकावर चुना फासलेला, तरी खालून 'देशी दारू' एवढं डोकावतं. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. त्या मधल्या सहा वर्षांत अशी शटरं गावोगाव होती. पण बंद शटर म्हणजे दारूबंदी, असा हिशेब करता येत नाही. दुकान जेवायच्या वेळेलाही बंद असतं, मतदानाच्या दिवशीही असतं. फलकावरचा चुनासुद्धा कुणी कधी फासला, कोण जाणे.

त्या शटरवर एक सिनेमाचं पोस्टर चिकटवलेलं होतं. ऊन लागून निळंकरडं झालेलं, वरचा डावा कोपरा फाटलेला. नावाचं फक्त '[…]राट' उरलं होतं आणि खाली '२९ एप्रिल'. पोस्टर फक्त भिंतीवर असतं तर मी नाव आणि तारीख उतरवून पुढे गेलो असतो, खालची बारीक नामावळी सोडली असती. पण ते शटरवर होतं, हीच त्यातली गोष्ट. गुंडाळणाऱ्या शटरला आडव्या पट्ट्या असतात. ते वर गेलं की पट्ट्या एकमेकींवर दुमडतात आणि त्यांच्या सांध्यांवर चिकटवलेला कागद फाटतो किंवा निदान त्या रेषांवर चिरतो. या पोस्टरवर सांधे कागदाखालून उठून दिसत होते, पण कागद एकाही सांध्यावर चिरलेला नव्हता. म्हणजे पोस्टर लागल्यापासून शटर उघडलेलं नाही. म्हणून माझ्या उताऱ्यात पोस्टरच्या मजकुरासोबत त्याची जागाही आली: 'बंद शटरवर, पट्ट्यांच्या सांध्यांवरून अखंड चिकटवलेलं'. पोस्टरवर काय लिहिलंय यापेक्षा ते कुठे लिहिलंय हेच इथे जास्त बोलतं.

'राट'वर संपणारी नावं एकाहून जास्त सुचतात. पण 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला होता, आणि नावाचा शेवट व तारीख दोन्ही जुळतात, म्हणून टिपेत मी 'सैराट, २०१६' लिहिलं. उताऱ्यात '[…]राट'च राहिलं. आता कोणीही म्हणेल, मग फोटो २०१६ चा! मीही तसं मनात म्हणून टाकलं होतं. पोस्टर एवढंच सांगतं की फोटो त्याच्या आधीचा नाही. नंतरचा किती, हे सांगायची त्याची कुवत नाही. सिनेमा उतरला तरी कागद भिंतीवर पुढचे दोन-चार पावसाळे काढतो.

त्याचं उत्तर होतं उजवीकडच्या कापड दुकानात. त्या मोठ्या लाल-पिवळ्या फलकाच्या कोपऱ्यात पांढऱ्या पट्टीवर एक लांब क्रमांक होता. पहिले दोन आकडे २७ नीट दिसतात, पुढे अक्षरं-आकड्यांची गिचमिड. हा जीएसटी क्रमांक. तो पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, आणि महाराष्ट्राचे २७. दुकानाच्या दर्शनी फलकावर तो लावावा, असा नियम आहे. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. म्हणजे फोटो त्यानंतरचाच. चित्र आता जुळलं. शटर बंद, त्यावर वर्षाहून जास्त जुनं पोस्टर तसंच अखंड, आणि शेजारी २०१७ च्या जुलैनंतरची पट्टी. बंद शटर दारूबंदीमुळेच बंद होतं, याला आता वजन आलं. दुकानं पुन्हा उघडली २०२१ च्या पावसाळ्यात. तेव्हा फोटो साधारण २०१७ चा उत्तरार्ध ते २०२१ चा पूर्वार्ध, इथवर आपण पोचतो.

उरला महिना. तो मिळाला, ज्याचा मला सगळ्यात राग येतो त्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. त्यावर तारीख होती, वर्ष नव्हतं. वर्ष कधीच नसतं, कारण फ्लेक्स चार दिवसांपुरता असतो आणि त्या चार दिवसांत वर्ष कुणाला सांगायची गरज नसते. पण नेमका तोच अल्पायुषीपणा कामाचा. पोस्टर वर्षानुवर्षं राहतं, फ्लेक्स उतरतो किंवा त्यावर दुसरा चढतो. फ्लेक्सवरची तारीख सप्टेंबरची. म्हणजे २०१७ ते २०२० यांतला कुठला तरी सप्टेंबर. बाजारात एकाच्याही तोंडावर मास्क नाही, म्हणून २०२० नसावं, असं मी टिपेत लिहिलं. ते लिखाण नव्हे, निरीक्षण आहे. उताऱ्यात त्याला जागा नाही.

याच फोटोत एक ट्रक आहे, पाटीची सुरुवात 'टीएस'. तेलंगण राज्य २ जून २०१४ ला झालं आणि 'एपी'च्या जागी 'टीएस' आलं, मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना 'टीजी'. पण आपल्याला २०१७ नंतरचा काळ आधीच मिळालेला, तेव्हा ही पाटी काळाला नवं काही देत नाही. तरी मी 'टीएस' घेतलं, कारण ते जागेबद्दल बोलतं: हा बाजार सीमेवरच्या गावातला आहे, इथे तिकडच्या गाड्या सहज उभ्या राहतात. ग्रंथपाल बाईंचं मत होतं की सोडावं. त्या पंधरवड्यात आमचं बोलणं जरा कमीच झालं.

५. पाटी खोटं बोलत नाही, पण ती फार उशिरा बोलते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरापासून वेगळा झाला. एका निगेटिव्हमध्ये एका शाळेच्या दारावर 'ता. गडचिरोली, जि. चंद्रपूर' असं आहे. अशी पाटी हातात आली की उतारा उत्साहाने लिहावासा वाटतो, कारण इथे चक्क जिल्ह्याचा इतिहास रंगवलेला आहे. पण शाळेने नवी पाटी कधी रंगवली असेल, हे जिल्ह्याच्या निर्मितीवर नव्हे, रंगाच्या पैशांवर ठरतं. चंद्रपुराचं 'चांदा' हे नाव कागदोपत्री जाऊन किती काळ झाला, तरी रेल्वेचं 'चांदा फोर्ट' आजही फलाटावर तसंच उभं आहे. म्हणून जुनं नाव पाटीवर दिसलं तर ते अक्षरशः उतरवतो, आणि टिपेत 'यावरून फोटो १९८२ च्या आधीचा' असं न लिहिता 'पाटी १९८२ च्या आधी रंगवलेली असावी' एवढंच लिहितो. फोटोचं वय आणि पाटीचं वय, हे दोन वेगळे हिशेब.

गावाच्या नावाचंही तेच. गावात पाट्या 'बल्लारपूर' म्हणतात आणि रेल्वे 'बल्हारशाह'. त्यातही रंगाऱ्यागणिक ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, कुठे 'बल्लारपुर', कुठे 'बल्लारशा'. उताऱ्यात जसं असेल तसं ठेवायचं. पण 'बल्लारपूर' असा शोध घेणाऱ्याला 'बल्लारपुर' सापडत नाही, म्हणून प्रमाण नाव वेगळ्या रकान्यात प्रत्येक नोंदीला द्यायचं. शुद्धलेखनाचा हा आजार मला शाळेपासून आहे. 'हार्दीक शुभेच्छा' तसंच टंकताना बोटं अजून अडखळतात.

अलीकडच्या फोटोंत आणखी एक गोष्ट टिपून ठेवतो: फलकावर मराठी वर आहे की खाली, इंग्रजीपेक्षा मोठी की लहान. २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची झाली, अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान नसावीत असं ठरलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिने दिले. जुन्या इंग्रजी फलकावर मराठीची नवी करकरीत पट्टी ठोकलेली दिसली तर नुसता शब्द उतरवून भागत नाही, 'वर नवी पट्टी' हे लिहावं लागतं.

६. फोटोत जे सगळ्यांना दिसतं ते उताऱ्यात लिहायला हरकत काय, असं मला खूप दिवस वाटायचं. हरकत आहे. फोटोतला गाडीचा क्रमांक बघायला आधी तो फोटो सापडावा लागतो. टंकलेला क्रमांक मात्र कुणीही शोधखिडकीत टाकला की फोटोच समोर येतो: अमक्याची गाडी, अमक्या दिवशी, बंद दारू दुकानासमोर. त्या माणसाने फक्त सुपं घ्यायला गाडी लावली होती. म्हणून गाड्यांच्या पाट्यांचं आम्ही असं ठरवलं: राज्य आणि जिल्ह्याचा आकडा घ्यायचा, उरलेलं गाळायचं आणि गाळलं असं लिहायचं. 'एमएच ३४ [पुढील क्रमांक गाळला]' म्हणजे चंद्रपूर, 'एमएच ३३' म्हणजे गडचिरोली. पाटीचा रंग लिहायचा, कारण पिवळ्यावर काळं म्हणजे भाड्याची गाडी, पांढऱ्यावर काळं म्हणजे घरची, हिरवी म्हणजे विजेवरची, आणि रस्त्याचा धंदा त्यातून कळतो. पाटी मराठी आकड्यांत असेल तर तसं टिपायचं. नियमाला ते मान्य नाही, पण हौसेला कोण विचारतं! जुन्या निगेटिव्हमधल्या तीन अक्षरी, 'एम'ने सुरू होणाऱ्या पाट्यांची अक्षरं पूर्ण घेतो, कारण ती मालिका १९८९ च्या आधीच्या नोंदणीची खूण आहे. आकडे तिथेही गाळतो.

फोन नंबरांचंही तसंच. फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांचं जरा अवघड. मध्ये ज्याचा वाढदिवस त्याचा मोठा चेहरा, खाली तीन रांगांत पासपोर्टएवढे चेहरे आणि प्रत्येकाखाली नाव. ती पोरं हौसेने पैसे देऊन तिथे झळकली आहेत, त्यांना काय लपवायचंय? हे खरं. पण त्यांनी चार दिवसांसाठी पैसे दिले होते. आम्ही मथळा आणि तारीख घेतो, पुढे '[शुभेच्छुकांची नावे, सुमारे तीस]'. निवडणुकीच्या पत्रकावर मात्र तळाची बारीक ओळ मुद्दाम वाचतो, कारण मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंधनकारक आहे. ते पत्रक कुठल्या गावी छापलं, हे त्या ओळीतच सापडतं. गाव घेतो, पत्ता सोडतो.

७. अक्षरं नुसती वाचायला नसतात, फोटो सुलटा आहे का हे तीच सांगतात. निगेटिव्ह स्कॅनरवर चुकीच्या बाजूने ठेवली की डावं-उजवं उलटं होतं. माणसांच्या चेहऱ्यांवरून ते लक्षात येत नाही. रस्त्याचं वळण उलटं झालं तरी आपण म्हणतो, पूर्वी असं असेल. पण मागच्या पानठेल्यावरच्या पाटीत 'क'ची शेपटी डावीकडे वळलेली दिसली की कोडं सुटतं. निगेटिव्हची चकचकीत बाजू आणि मंद, मसालेवाली बाजू बघून परत स्कॅन करायचं. त्यामुळे एरवी जो ठेला उताऱ्यात घेतलाच नसता, तो अशा वेळी पाहावाच लागतो. घ्यावा की नाही हा प्रश्न नंतरचा.

८. न येणारी लिपी म्हणजे नक्षी, असं समजायची सवय सहजासहजी जात नाही. इकडच्या फोटोंत तेलुगू पाट्या वारंवार येतात, ट्रकवर, हॉटेलांवर, राजुऱ्याकडच्या दुकानांवर. मी त्यांना सुरुवातीला 'तेलुगू मजकूर' एवढंच लिहायचो. मग स्टेशनजवळ चहाची गाडी लावणाऱ्या एका ओळखीच्या भावाला फोटो दाखवू लागलो. त्याचं लहानपण पलीकडे गेलेलं, दोन्ही भाषा सारख्याच येतात. एका ट्रकच्या पाठीवर सुरेख वळणदार तेलुगूत तीन ओळी होत्या. मी त्यात देवाचं नाव, गावाचं नाव, निदान मालकाचं नाव शोधत होतो. त्याने चष्मा वर केला, वाचलं आणि म्हणाला, "भाऊ, हे मालकानं लिवलं आहे का, उधारी मागू नका. एवढं कायले लिहून राहिले तुम्ही?"

त्या तीन ओळी मी घेतल्या. चाचणीला त्या उतरत नाहीत, जागा सांगत नाहीत, काळ सांगत नाहीत, समोरच्या व्यवहाराशी त्यांचा काही संबंध नाही. त्याच ट्रकवर 'हॉर्न ओके प्लीज' होतं. ते वाक्य गाड्यांवर लिहायला परिवहन खात्याने २०१५ मध्ये बंदी घातली होती, म्हणून मला काळाचा धागा सापडल्यासारखं वाटलं. पण त्यानंतरच्या किती ट्रकांवर ते आहे, हे स्टेशनरोडला उभं राहिलं तर कुणालाही दिसतं. तेव्हा ते सोडलं. उधारीच्या ओळी मात्र अजून पहिल्या रकान्यात आहेत, आणि ग्रंथपाल बाईंनी त्यांच्यापुढे पेन्सिलने काढलेलं प्रश्नचिन्हही.